दोन वर्षं कुठे होतीस?

माझ्या भाचीच्या अर्जात मला अर्धांगवायू झाला, तेव्हा मी शिडीवर चढून दुकानाची पाटी सरळ करत होतो. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही गेले, असं अर्जासोबतच्या पत्रात लिहिलं होतं. मला याचा पत्ता लागला तो बऱ्याच दिवसांनी, आणि तोही परदेशातून.

आधी दुकानाचं सांगतो. जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचं, म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढून नवी भरायची, हा माझा धंदा. पुढे शेजारी शेजारी दोन लांब बाक, मागे वार्निश सुकवायची भट्टी, भिंतीला लाकडी फर्मे टांगलेले, ज्यांच्यावर तारेची वेटोळी गुंडाळतात. एका बाकावर मी, शेजारच्या बाकावर माझा जुना कारागीर. तो डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलाकडे राहायला गेला आणि तो बाक रिकामा झाला. त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा संपला. निकाल लागला त्या आठवड्यात ती दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, एक महिना बसते इथे. नंतर पुढच्या शिक्षणाचं बघू."

त्या महिन्याची दोन वर्षं झाली.

दुकानात तिला सगळे मेगर म्हणतात. मेगर म्हणजे तारेवरच्या आवरणातून वीज कुठे गळते का, ते दाखवणारं यंत्र. कुणी बोलताना थाप मारली की ही लगेच "इथे गळतंय" म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते नाव ठेवलं. तिला ते आवडायचं. तिच्या आईला बिलकुल आवडायचं नाही.

दोन वर्षांनी मेगरच्या डोक्यात परदेशी विद्यापीठाचं आलं. विद्युत यंत्रांची पदवी. तिचे वडील मालवाहू बोटीवर कामाला, घरी कमीच, त्यामुळे विचारायचं ते मला. मी म्हणालो, भर अर्ज. त्यात माझं काय जातंय, असं तेव्हा वाटलं होतं.

अर्ज भरायला ती एका सल्लागाराकडे गेली. माणूस वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्याच्या ऑफिसात भिंतभर फोटो होते, बर्फात उभी राहून हसणारी मुलं, आणि ती सगळी खरीच त्याने पाठवलेली. त्याने मेगरचे कागद चाळले आणि एका जागी बोट ठेवलं. डिप्लोमा संपल्यापासून आजपर्यंत शिक्षणात खंड. विद्यापीठाचा प्रवेश विभाग विचारणारच, की बाई, ही दोन वर्षं कुठे होतीस? त्यासाठी वेगळं पत्र जोडावं लागतं.

मेगर म्हणाली, मामाच्या दुकानात होते. त्याने विचारलं, का? ती म्हणाली, आवडलं म्हणून. त्यावर तो जे म्हणाला ते तिने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं.

"आवड तिकडच्या माणसाला कळत नाही. अडचण कळते."

आणि त्याने अडचण लिहून दिली. मामा एकाएकी लुळा पडला, कमावतं दुसरं कुणी नाही, मुलीने आपलं शिक्षण बाजूला ठेवून एकटीने दुकान चालवलं, आता मामाची तब्येत सुधारते आहे तेव्हा ती पुन्हा शिकायला मोकळी झाली. पत्र झकास होतं. मेगरने वाचलं, तिला ते गळतं आहे हेही कळलं. पण अर्जाची शेवटची तारीख दारात, सल्लागाराचा अनुभव मोठा, आणि समोर त्या बर्फातल्या मुलांचे फोटो. तिने खाली सही केली.

मला मात्र तिने सांगितलं की पत्र सरांनी लिहून दिलं, चांगलं झालंय. मीही खोदून विचारलं नाही.

आता माझी बाजू ऐका. अर्जात जिथे काम केलं त्या मालकाचं नाव-पत्ता द्यायचा असतो, तो तिने माझा दिला होता. सल्लागाराला वाटलं, एवढ्याशा दुकानाला कोण विचारतंय. पण तिकडून मला ईमेल आला. दुकानाच्या फोनवर आला, मेगरनेच तो उघडून मला अर्थ सांगितला. या मुलीने तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत काम केलं, कोणतं काम केलं, तिच्यावर देखरेख कोणाची होती, आणि काम कसं होतं, हे तुमच्या शब्दांत कळवा. पत्र तुम्ही स्वतः थेट पाठवायचं, अर्जदाराला दाखवायचं नाही. तुमच्या भाषेत लिहिलंत तरी चालेल, मात्र अधिकृत अनुवादकाचा अनुवाद सोबत हवा.

दाखवायचं नाही म्हणजे नाही. मी मेगरला सांगितलं, तू लांब राहा. ती दोन-तीनदा बाकापाशी घुटमळली, "मामा, फार काही लिहू नकोस, थोडक्यात लिही," म्हणाली. मला वाटलं, कौतुकाला लाजते आहे. मी म्हटलं, तू नको शिकवूस.

मी लिहायला शिकलो तो चाळिशी उलटल्यावर, त्यामुळे माझं अक्षर मोठं आणि वाक्य छोटं. पण शिफारस कशी करायची ते मला अक्षरओळख नव्हती तेव्हापासून ठाऊक आहे. आमच्या धंद्यात कारागीर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो, तेव्हा जुना मालक नव्या मालकाला त्याच्या चुका सांगतो. कुठल्या केल्या, आणि त्यातल्या कुठल्या परत केल्या. एवढंच. नुसतं "पोरगा हुशार आहे, प्रामाणिक आहे" असं कुणी सांगितलं, की नवा मालक ओळखतो, नको असलेला माल गळ्यात मारतो आहे. चुकांची यादी नसलेला कारागीर म्हणजे एकतर काम न केलेला, नाहीतर मालकाने काम न बघितलेला.

तर मी लिहिलं. पहिल्या वर्षात हिने तीन मोटारी बिघडवल्या. एका मोटारीची जुनी तार वेढे न मोजताच कापून टाकली, मग नवी किती भरायची ते कळेना. दुसरीत तार खाचेत बसवताना वरचं आवरण खरवडलं, मोटारीच्या अंगात वीज उतरली. तिसरीत वेटोळ्यांचा एक गट उलटा जोडला. यातली कुठलीही चूक तिने दुसऱ्यांदा केली नाही. अजून शिकते आहे. माझ्या शेजारच्या बाकावर बसते, तिचं काम मी रोज स्वतः बघतो. देखरेखीचं विचारलंत म्हणून सांगतो, दुकान सुरू केल्यापासून मी आजारपणाची एकही सुट्टी घेतलेली नाही. हिला पुन्हा कामावर ठेवायला माझी हरकत नाही.

ते शेवटचं वाक्य लिहिताना मला थोडं जास्तच झाल्यासारखं वाटलं. इतकं मी त्या जुन्या कारागिराबद्दलही कधी म्हणालो नव्हतो.

कोर्टाच्या समोरच्या गल्लीत एक अनुवादक बाई बसतात. शिक्का असलेल्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे असंच्या असं करायचं? मी म्हटलं, असंच्या असं. त्या म्हणाल्या, माझं काम तेवढंच आहे, मी काही घालत नाही आणि काही गाळत नाही. त्यांनीच माझं पत्र आणि अनुवाद स्कॅन करून दुकानाच्या ईमेलवरून पाठवून दिला. मी समाधानाने दुकानात आलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण तेव्हा मला वाटत होतं, गणपतीच झालाय.

मग एका दुपारी मेगर दुकानात आली ती जागेवर बसलीच नाही. फोन माझ्यासमोर धरला आणि स्वतःच वाचून दाखवला. प्रवेश विभागाने लिहिलं होतं, की तुमच्या खंडाच्या पत्रातला मजकूर आणि तुमच्या मालकाच्या पत्रातला मजकूर एकमेकांशी जुळत नाही. तुम्ही म्हणता मालक अंथरुणाला खिळलेले होते आणि दुकान तुम्ही एकटीने चालवलं. मालक म्हणतात ते रोज हजर होते. याचा लेखी खुलासा पुढच्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत करा. खुलासा समाधानकारक नसेल तर अर्ज फेटाळला जाईल. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर तशी नोंदही राहील.

मी विचारलं, अंथरुणाला कोण खिळलं होतं?

"तू," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. मला राग आला का? आला. पण त्याहून मला मजा वाटली, हे खोटं कशाला सांगू. माझा उजवा हात मी वर करून बघितला. त्यात पक्कड होती.

तिला मात्र मजा वाटत नव्हती. अनुवादासकट माझं पत्र त्यांनी तिच्याकडे पाठवलं होतं, खुलाशासाठी. ते तिने वाचलं होतं. सही आपली आहे, गुन्हा आपला आहे, हे तिला कळत होतं, पण तिचं दुखणं दुसरंच निघालं.

"तीन मोटारी, मामा? दोन वर्षं मी इथे घासली आणि तुला तीन मोटारी आठवल्या?"

मी म्हटलं, त्याच्या पुढचं वाचलंस का, परत केल्या नाहीत ते? ती म्हणाली, ते कोण वाचतं. तिकडे शिफारशीत सगळे लिहितात, अशी विद्यार्थिनी मी जन्मात बघितली नाही. आणि तू लिहितोस, ठेवायला हरकत नाही. भाड्याच्या खोलीबद्दल लिहिल्यासारखं.

ताकाला जाऊन भांडं लपवलं ते तिने, आणि बोलणी खाल्ली मी. तरी ती म्हणते त्यात काहीतरी होतंच. आमच्या गल्लीतला तराजू तिकडे कोण ओळखणार?

संध्याकाळी आम्ही तिघं सल्लागाराकडे गेलो. मी, मेगर आणि तिची आई. बहीण वाटेतच म्हणाली होती, दादा, तू तिथे तोंड उघडू नकोस, आत्तापर्यंत उघडलंस तेवढं पुरे. सल्लागार मला बघून खुर्चीतून उठला. चालत आलेला मी त्याला आवडलो नसणार.

त्याने ईमेल वाचला, घाम पुसला आणि लगेच कामाला लागला. या गोष्टीवर इलाज आहे म्हणाला. ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला घ्यायचा. त्यात लिहायचं, की पक्षाघातानंतर रुग्णाच्या स्मरणशक्तीवर परिणाम झाला आहे, त्यामुळे त्यांनी दिलेल्या माहितीत चुका असू शकतात. म्हणजे मुलीचं पत्र खरं ठरतं आणि मालकाचं पत्रही खोटं ठरत नाही.

मी बहिणीकडे बघितलं. तिने नजर चुकवली, पण हसू दाबताना तिचा ओठ हलत होता. मी म्हटलं, "सर, हात-पाय गेले ते मी सोसले. आता डोकंही घेता?"

तो हसला नाही. तो म्हणाला, "काका, थट्टेची वेळ नाही ही. तिने आता कबूल केलं की खोटं लिहिलं, तर तो अर्ज तिथेच संपला. मी खूप अर्ज बघितलेत. कबूल करणाऱ्याला कुणी बक्षीस देत नाही."

आणि खरं सांगतो, त्याचं हे बोलणं मला बरोबर वाटलं. विद्यापीठ म्हणजे काही देऊळ नव्हे, की चूक कबूल केली आणि पदरात प्रसाद पडला. बहिणीलाही बरोबर वाटलं. ती म्हणाली, डॉक्टरचं काय ते करून टाका, पोरीचं वर्ष वाचू दे. मी काही बोलणार तेवढ्यात मेगर उठली.

"दाखल्याची चौकशी त्यांनी केली तर पुढे काय लिहायचं? मामा गेला म्हणून?"

मेगरने आपले कागद मागून घेतले, सल्लागाराला नमस्कार केला आणि म्हणाली, खुलासा मी स्वतः लिहिते. त्याने अडवलं नाही. दारापर्यंत आला आणि मला हळूच म्हणाला, काका, मी तिच्या भल्याचंच सांगत होतो. मी म्हटलं, ते मला कळतंय.

स्वतः लिहिते म्हणणं सोपं. दुसऱ्या दिवशी ती बाकावर कागद घेऊन बसली आणि दुपारपर्यंत कागद कोराच. खोटं होतं ते काढून टाकायला वेळ लागला नाही. पत्र सल्लागाराने लिहिलं, पण सही माझी आहे म्हणून ते माझंच आहे, मामा कधी आजारी नव्हता, माझी चूक झाली. एवढं तिने सकाळीच लिहिलं होतं. अडलं होतं ते पुढे. मग दोन वर्षं तू का थांबलीस?

तिने पेन आपटलं. "आवडलं म्हणून, एवढंच खरं आहे. आणि ते वाचायला किती बावळट वाटतं."

मी एका पंख्याच्या मोटारीची तार काढत होतो. हात न थांबवता मी विचारलं, पहिल्या दिवशी काय झालं होतं? मला खरंच आठवत नव्हतं.

तिला आठवत होतं. ती म्हणाली, डिप्लोमाला यंत्रांच्या विषयात मी कॉलेजात पहिली आले होते. आणि मी मोटार आतून बघितलेली नव्हती. प्रयोगशाळेत एका मोटारीभोवती आम्ही इतकी मुलं, की मला पुढच्याची मान दिसायची. वहीत आकृती, परीक्षेत आकृती. इथे आल्यावर पहिल्या दिवशी तू माझ्या हातात छिन्नी दिलीस आणि म्हणालास, उघड. मी उघडली, आणि आत जे होतं ते आकृतीसारखं दिसतच नव्हतं. मला लाज वाटली, मामा. पहिली आलेली मुलगी. म्हणून महिनाभर थांबले. आणि मग वखारीचं ते झालं.

वखारीचं मला आठवत होतं. लाकडाच्या वखारीतल्या आऱ्याची मोटार वर्षात दोनदा जळली. दोन्ही वेळा मी भरून दिली. वखारवाल्याला म्हटलं, जाड ओंडके घालतोस, मोटारीचा जीव काढतोस. तो म्हणाला, तुझं वाइंडिंग कच्चं आहे. आम्ही एकमेकांना बोललो आणि चहा प्यालो. तिसऱ्यांदा जळून आली तेव्हा ती मेगरच्या बाकावर गेली. तिने उघडली आणि म्हणाली, सगळी तार जळलेली नाही. काही वेटोळी काळी ठिक्कर आणि मधली काही अगदी नव्यासारखी. ओंडक्याने जळली असती तर सगळी सारखी जळली असती. मी म्हटलं, असं असतं कधीकधी. ती ऐकेना. वखारीत गेली, आरा चालू करायला लावला आणि विजेच्या तिन्ही तारांवर दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजला. दोन ठीक होत्या. तिसरीचा दाब भार पडला की खाली यायचा. स्टार्टरच्या आतला एक संपर्क झिजून काळा पडला होता. तो बदलला. त्यानंतर ती मोटार आमच्याकडे आली नाही.

"ते लिही की," मी म्हटलं.

ती म्हणाली, ते लिहिलं तर तू दोनदा चुकलास हेही लिहावं लागेल.

मी म्हटलं, मग? मी तुझ्या तीन लिहिल्या.

ती पहिल्यांदा हसली त्या दिवशी. मग कागद पुढे ओढला आणि जी लिहायला लागली, ती गिऱ्हाईक आलं तरी तिने मान वर केली नाही. गिऱ्हाइकाला मीच थांबवून ठेवलं.

त्या पत्रात तिने मी लिहिलेल्या तीन मोटारी खोडून काढल्या नाहीत. उलट त्या तिथेच घेतल्या. माझ्या मामाने लिहिलेल्या तिन्ही चुका खऱ्या आहेत, आणि प्रत्येकीतून मला काय कळलं ते खाली देते, असं लिहून तिने एकेक सांगितली. आमच्या धंद्यात चुका सांगणं म्हणजे शिफारस असते, हेही तिने दोन ओळींत समजावलं. ते मला सुचलं नसतं. मला वाटायचं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मग वखारीचं. आणि शेवटी, की ही दोन वर्षं माझ्यावर कुणी लादली नाहीत, मी ती घेतली.

सोबत पुरावा हवा. आता सल्लागार सोबत नव्हता, म्हणून तो आम्हीच गोळा केला. वखारवाल्याने आपल्या शिक्क्यानिशी चिठ्ठी दिली, तीत मोटार जळायची थांबली हे होतं, आणि न विचारता असंही होतं, की दुकानाचा मालक हेकट आहे. अनुवादक बाईंनी तेही भाषांतरित केलं. त्या काही गाळत नाहीत. मुदतीच्या आत सगळं गेलं.

त्यानंतर बरेच दिवस काहीच आलं नाही. बहीण रोज संध्याकाळी फोन करायची, काही आलं का, आणि नाही म्हटलं की माझ्याच नावाने सुस्कारा टाकायची. मला मात्र आतून खात्री होती. कशाची, ते सांगता येणार नाही. मोटार भरून झाली, वार्निश सुकलं, की चालू करण्याआधी हात लावून कळतं, तसं काहीतरी.

मग व्हिडिओवर बोलायला बोलावलं. प्रवेश विभागातली एक बाई आणि विद्युत यंत्रांचा एक प्राध्यापक. मेगर बहिणीच्या घरी टेबलाशी बसली, मी आणि बहीण समोर भिंतीला टेकून, त्यांना दिसणार नाही असे. त्यांची भाषा मला येत नाही. मी मेगरच्या तोंडाकडे बघत होतो. नंतर तिने सगळं सांगितलं ते असं.

आधी बाईंनी विचारलं, आणि त्या सरळ बोलल्या. पहिलं पत्र खोटं आहे हे तुम्हाला सही करताना माहीत होतं का? मेगर म्हणाली, हो. का केलीत? ती म्हणाली, खरं पुरेसं वाटणार नाही अशी भीती वाटली. बाईंनी ते लिहून घेतलं. शाबासकी नाही, रागावणं नाही. हे तुमच्या फाइलमध्ये राहील, एवढंच म्हणाल्या.

मग प्राध्यापक. त्याला तिसऱ्या मोटारीत रस होता. उलटा गट जोडल्यावर काय झालं? ती म्हणाली, गांधीलमाशीसारखी गुणगुणली, वेग घेईना, आणि तिन्ही तारांतला प्रवाह वेगवेगळा. कसं शोधलंस? तिने कागदावर काढून कॅमेऱ्याला दाखवलं. त्याने अजून एक विचारलं, त्याचं उत्तर तिला आलं नाही. येत नाही म्हणाली. त्यात काहीतरी गणित होतं, जे ती दोन वर्षांत विसरून गेली होती. हे ऐकताना बहिणीचा चेहरा मला आठवतो. तिला एक शब्द कळत नव्हता, पण मुलगी अडली हे कळलं होतं, आणि तिने माझी बाही घट्ट धरली.

शेवटी प्राध्यापकाने विचारलं, काम एवढं आवडतं तर सोडून का येतेस?

यावर ती जे बोलली ते मी दोनदा विचारल्यावर तिने सांगितलं.

"मी मामाला 'का' विचारलं, की तो म्हणतो, असं असतं. आणि बहुतेक वेळा तसंच असतं. पण मला तेवढ्यावर झोप येत नाही."

तो प्राध्यापक मोठ्याने हसला होता. अर्थ कळल्यावर मी नाही हसलो. मी विचार केला, पोरीने परदेशी माणसांना माझी चूक सांगितली, आणि त्यातही परत केलेली.

निकाल आला तो साध्या कामाच्या दिवशी. प्रवेश मिळाला होता, पण अट घालून. पहिल्या सत्रात गणिताचा जादा वर्ग करायचा, आणि त्यात पास झाल्याशिवाय पुढचे विषय नाहीत. मेगरने अट दोनदा वाचली. कटकट आहे म्हणाली, पण बरोबर आहे. दुकानात त्या वेळी वखारवाला बसला होता, त्याने सगळ्यात आधी विचारलं, मग आता माझ्याकडे कोण येणार बघायला? मी म्हटलं, हेकट मालक येईल.

बहीण आली, तिने मुलीला जवळ घेतलं, मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, दादा, तुझ्या त्या पत्राने जीव जायची वेळ आली होती. मी म्हटलं, हो. आणि तेवढ्यावर आम्ही विषय सोडला. मला तिला सांगावंसं वाटत होतं, की शेजारचा बाक परत रिकामा होणार, आणि या वेळी तो भरणं सोपं नाही. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मेगर फोनवर तिच्या वडिलांना गाठायला बघत होती, बोटीवर लाइन लागत नव्हती, आणि तरी ती हसत होती.

त्यानंतर व्हिसाचा अर्ज आला. त्याच्या दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. शिक्षणात खंड असल्यास कारण लिहा. बहीण घाबरली, म्हणाली सल्लागाराला विचारू या, निदान बघून तरी घेईल. मेगरने ऐकलंही नाही. बाकाच्या कडेला तारेची रिळं सरकवली, जागा केली आणि लिहून टाकलं. मी वार्निश ढवळत होतो. मला वाटलं, निदान या वेळी मी कसा आहे ते तरी बघावं.

मी म्हटलं, वाचून दाखव.

ती म्हणाली, "तूच वाच की." आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. सावकाश वाचलं. त्यात मी होतो, रोज हजर.